दहा बाय आठचं अभिनंदन

सकाळी ७

कोरेगाव भीमात नगर रस्त्याला लागून माझं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, डीटीपी, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स असं सगळं लिहिलंय. फ्लेक्स छापायचं मशीन मात्र माझ्याकडे नाही. डिझाइन मी करतो, छपाई वाघोलीत होते. सणसवाडीच्या कंपन्यांची फर्स्ट शिफ्टची गर्दी ओसरली की मी शटर वर करतो. पहिली दोन गिऱ्हाइकं ठरलेली असतात, आधारकार्डाची झेरॉक्स आणि सातबाऱ्याचा उतारा.

आज मात्र शटर उघडायच्या आधीच पायरीवर चौघं बसलेले. काल रात्री एमपीएससीनं पोलीस उपनिरीक्षक पदाचा अंतिम निकाल लावला आणि त्यात आमच्या मित्राचं नाव आहे. गावात निम्म्या लोकांना रात्रीच कळलं, उरलेल्यांना आता दूध घालायला जाताना कळतंय. चौघांचं एकच म्हणणं होतं, "दुपारपर्यंत बोर्ड लागला पाहिजे राव."

मी म्हटलं, आधी यादी बघू.

सकाळी ७.३०

ही माझी नुसती खोड नाही. mpsc.gov.in वर एकाच भरतीच्या दोन-तीन याद्या लागतात आणि गावाला त्या सगळ्या सारख्याच वाटतात. मुलाखती संपल्या की आधी सर्वसाधारण गुणवत्ता यादी येते. तिच्यात उमेदवार गुणांच्या क्रमानं असतात, पण पद कुणाला मिळालं ते त्यात नसतं. मग काही दिवस भरती प्रक्रियेतून बाहेर पडण्याचा पर्याय उघडतात. एखाद्याची दुसऱ्या पदावर आधीच निवड झालेली असते, एखाद्याला ही नोकरी नकोच असते. असे लोक बाहेर पडले की त्यांच्या जागा खालच्यांना मिळतात. त्यानंतर शिफारसपात्र उमेदवारांचा अंतिम निकाल.

गुणवत्ता यादी लागली तेव्हाही हीच पोरं आली होती, गुलालाची पिशवी घेऊनच. मित्राचं नाव यादीत होतं, पण त्याच्या प्रवर्गाच्या जागा मोजल्या तर तो काठाच्या जरासा बाहेर होता. तेव्हा मी फ्लेक्सला साफ नाही म्हटलं. गावात एकदा बोर्ड लागला आणि पुढच्या यादीत नाव आलं नाही, तर तो उतरवायला कुणी येत नाही. पोराला मात्र रोज त्याच्याखालून जावं लागतं. पुढं वरच्या काहींनी बाहेर पडायचा पर्याय दिला आणि हा आत सरकला.

आज पीडीएफ उघडली. नावानं शोधलं तर एकसारखी दोन-तीन नावं लागतात, म्हणून बैठक क्रमांकानं शोधलं. क्रमांक जुळला, नाव जुळलं, प्रवर्ग जुळला. खाली नेहमीची तळटीप होती, न्यायालयात आणि न्यायाधिकरणात असलेल्या प्रकरणांच्या निर्णयाच्या अधीन राहून. ती प्रत्येक निकालाखाली असतेच. म्हटलं, आता करू.

सकाळी ९

पोरं चहाला गेली. मी कॉम्प्युटरवर त्याचं फोल्डर उघडलं. त्याचे सगळे फॉर्म याच दुकानातून भरले गेलेत, त्यामुळे फोटो, सही, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास प्रमाणपत्र, सगळं वर्षावार पडलेलं आहे. वर्षागणिक फोटोत केस कमी होत गेलेले दिसतात.

'पोरगं नापास होत होतं' असं गाव एका दमात म्हणतं. पण दर वेळी त्याची अडचण वेगळी होती, आणि अभिनंदन कशाचं करायचं ते त्याशिवाय कळत नाही. सुरुवातीला तो पूर्वपरीक्षेतच अडकायचा. शंभर प्रश्न, एक तास, आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण वजा. एकदा त्यानं ९२ प्रश्न सोडवले. ५१ बरोबर आले, ४१ चुकले. ५१ मधून सव्वादहा गेले, हातात राहिले पावणेएक्केचाळीस. पुढच्या खेपेला त्यानं ७४ च सोडवले. ५६ बरोबर, १८ चुकीचे. साडेचार वजा होऊन साडेएक्कावन्न. म्हणजे बरोबर उत्तरं पाचच वाढली, गुण मात्र जवळजवळ अकरा वाढले. ज्याची खात्री नाही ते सोडून द्यायचं, एवढंच तो त्या वर्षी शिकला होता. हे ऐकायला सोपं वाटतं. हॉलमध्ये शेजारचा भराभर गोल काळे करत असताना पेन हातात धरून गप्प बसणं अवघड असतं.

पूर्व सुटली तर मुख्य राहिली. मुख्य सुटली तर मैदानावर राहिला. उपनिरीक्षकाची शारीरिक चाचणी शंभर गुणांची असते. पुरुषांना ८०० मीटर धावण्याला ५०, पुलअप्सला २०, लांब उडी आणि गोळाफेक प्रत्येकी १५. यात किमान ७० मिळाले तरच पुढं मुलाखत. हे गुण अंतिम बेरजेत येत नाहीत, फक्त दार उघडतात किंवा बंद करतात. धावण्यात निम्मे गुण गेले, तर उरलेल्या तीन प्रकारांत ५० पैकी ४५ लागतात. त्या वर्षी त्याची पोटरी दुसऱ्या फेरीत आखडली. लेखीचे गुण भरपूर असूनही तो ग्राउंडवरून थेट एसटीत बसला आणि घरी आला.

म्हणून पुढं वढूच्या रस्त्याला पहाटे एक माणूस पळताना दिसायचा. लोक त्याला 'तयारी चाललीय का' असं विचारायचे. उत्तर माहीत असताना विचारलेला हा प्रश्न किती जड असतो, ते त्याच्याबरोबर पळणाऱ्यालाच माहीत.

सकाळी १०.३०

आता फोटो. पोरांनी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला, त्याच्या चुलतभावाच्या लग्नातला, फेट्यातला. छान आहे, पण चालणार नाही. बोर्ड ठरलाय दहा फूट बाय आठ फूट. फ्लेक्सची फाइल ७२ डीपीआयला केली तरी दहा फुटांचे १२० इंच होतात, म्हणजे रुंदी ८६४० पिक्सेल आणि उंची ६९१२. त्यात मित्र पाच फूट उंच उभा करायचा तर त्याला ४३२० पिक्सेल हवेत. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो दाबला जातो, आणि हा जेमतेम सोळाशेचा होता. पावणेतीनपट ताणला की चेहऱ्याला चौकोन पडतात. आमच्याकडे त्याला फोटो फाटला म्हणतात.

"मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा," मी सांगितलं. मूळ फोटो लग्नाच्या फोटोग्राफरकडे, फोटोग्राफर शिक्रापूरला, आणि तो अजून झोपलेला.

मधल्या वेळात एकानं स्वतःच डोकं चालवलं. इंटरनेटवर वर्दीचे तयार साचे मिळतात, फक्त मुंडकं बदलायचं. त्यानं तसं करूनही आणलं. मी मोठं करून बघितलं तर खांद्यावर तीन तारे. महाराष्ट्रात उपनिरीक्षकाला दोन तारे आणि लाल-निळी फीत असते. तीन तारे सहायक निरीक्षकाला आणि निरीक्षकाला. म्हणजे रुजू व्हायच्या आधीच आम्ही त्याला बढती दिली होती. शिक्रापूर पोलीस ठाण्याची गाडी याच रस्त्यानं जाते, तिच्यातल्या लोकांना तारे मोजता येतात.

तारा खोडून देतो म्हणाला. मी म्हटलं, तारा खोडायचा नाही, वर्दीच नको. अजून नियुक्तीपत्र नाही, नाशिकच्या पोलीस अकादमीतलं प्रशिक्षण नाही. जी वर्दी त्यानं अंगावर घातलेली नाही ती आपण का घालायची? फेट्यातलाच फोटो घेऊ. वर्दीतला बोर्ड पासिंग आउट परेडनंतर करू, तेव्हा खरा फोटो असेल.

दुपारी १२

मजकुरावर बसलो. फ्लेक्सचा मजकूर चालत्या गाडीतून वाचायचा असतो. नगर रस्त्यावर गाडी हळू जाते हे खरं, पण ट्रक मध्ये आला की बोर्ड तेवढ्यापुरता जातो. त्यामुळे वरची ओळ, नाव आणि पद, एवढंच लांबून दिसलं पाहिजे.

पोरांचा मजकूर असा होता: 'अनेक वेळा अपयश पचवून, हार न मानता, अखेर...' मी विचारलं, यातलं अपयश त्याला बोर्डावर हवंय का? तुमच्या लग्नाच्या फ्लेक्सवर आधी मोडलेली स्थळं लिहाल का? हसले. मग एक म्हणाला, "दादा, पण तेच तर खरं कौतुक आहे. पहिल्या फटक्यात झालेला असता तर आपण एवढे खूश झालो असतो का?"

मुद्दा त्याचाही खोटा नव्हता. दुसऱ्यानं सिनेमाची आठवण काढली. मनोज कुमार शर्मा बारावीला नापास झाले, यूपीएससी चौथ्या प्रयत्नात पास झाले, महाराष्ट्र केडरचे आयपीएस झाले. त्यांच्यावर २०२३ मध्ये '१२वी फेल' हा चित्रपट आला, आणि नापास हा शब्द थेट पोस्टरवर गेला. तसंच डिझाइन कर, म्हणाला. मी सांगितलं की आपला मित्र बारावीला ७८ टक्क्यांनी पास झालाय, त्याला उगीच नापास करू नका. आणि त्या माणसानं आपली गोष्ट स्वतः जगाला सांगितली. आपल्या मित्रानं अजून सांगितलेली नाही. सांगायची की नाही ते तो ठरवेल.

मग पदाची ओळ. मी लिहिलं, 'पोलीस उपनिरीक्षक पदासाठी शिफारस झाल्याबद्दल'. आयोग शिफारस करतो आणि शासन नेमणूक देतं, म्हणून कागदोपत्री हेच बरोबर. चौघंही एकदम ओरडले, "शिफारस नको! वशिल्यानं लागला वाटेल!" हे मात्र पटलं. 'निवड' केलं.

शेवटी जे राहिलं ते एवढंच:

महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत
पोलीस उपनिरीक्षक पदी निवड झाल्याबद्दल
हार्दिक अभिनंदन!

मध्ये त्याचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात आई-वडिलांचं. प्रयत्नांचा आकडा नाही, वाघ नाही, गरुड नाही, मागून उगवणारा सूर्य नाही. पोरांना बोर्ड रिकामा वाटला. छापून आला की भरलेला वाटेल, म्हटलं.

दुपारी १.३०

फ्लेक्सवर खरं भांडण शुभेच्छुकांवरून होतं. वरच्या पट्टीत महापुरुष, त्याखाली नेते, उजवीकडून डावीकडे की डावीकडून उजवीकडे, कुणाचा फोटो दीड इंचानं मोठा. हे मी रोज बघतो. आज मी नेत्यांची पट्टी काढूनच टाकली. एकाचा फोटो घेतला की बाकीच्यांचा न घेतल्याचा जाब द्यावा लागतो, आणि सरकारी नोकरीत चाललेल्या पोराच्या कपाळावर कुठल्या पक्षाचा रंग कशाला? शुभेच्छुक म्हणून फक्त 'मित्रपरिवार' आणि नावं.

नावं लिहिताना सगळे एका नावाशी थांबले. त्याच्याबरोबर अभ्यास करणारा, पुण्यात त्याच खोलीत राहणारा, त्याच यादीत काठावर असलेला आमचा दुसरा मित्र. तो आत सरकला नाही. मध्ये दोन गुणांचंही अंतर नाही. त्याचं नाव घालायचं का? घातलं तर त्याला बोचेल, नाही घातलं तर जास्त बोचेल. पोरं एकमेकांकडे बघत बसली.

तो तासाभरात स्वतःच आला, नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपत आली म्हणून नवा अर्ज भरायला. मी आडवळण घेतलं नाही, सरळ विचारलं. तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. म्हणाला, "नाव टाक. फोटो नको."

मला लगेच कळलं. नाव वाचून लोक पुढं जातात. फोटो असला की चहाच्या टपरीवर प्रत्येक जण विचारतो, तुझं काय झालं? मग त्यानंच माऊस हातात घेतला आणि मित्राच्या नावात वेलांटी चुकली होती ती दाखवली. ते अक्षर इतक्या घाईत आम्हा पाचांतल्या एकालाही दिसलं नव्हतं.

त्याचा अर्ज भरून दिला. पैसे घेतले. त्यानं ते दिले नसते तर मला वाईट वाटलं असतं आणि मी ते घेतले नसते तर त्याला.

दुपारी ३

फोटोग्राफर उठला, मूळ फोटो आला. फेट्याच्या कडा पेन टूलनं कापायला अर्धा तास गेला, कारण शेमल्याचे धागे मागच्या मांडवाच्या रंगात मिसळलेले.

तेवढ्यात एक फोन आला. पुण्यातल्या एका अकादमीतून. तुम्हीच त्याचा फ्लेक्स करताय ना, मग कापलेला फोटो आम्हालाही पाठवा, आमचा विद्यार्थी आहे. मी विचारलं, किती वर्षं होता तुमच्याकडे? पलीकडून जरा वेळ काही आलं नाही, मग म्हणाले, मुलाखतीच्या मार्गदर्शनाला होता.

मित्राला फोन लागत नव्हताच, म्हणून त्याच्या बहिणीला विचारलं. तिनं सांगितलं की तो तिथं एकदाच अभिरूप मुलाखतीला गेला होता. बाकी सगळा अभ्यास अभ्यासिकेत, स्वतःच्या वह्यांवर. निकाल लागला की असे दावे निघतात आणि एकच चेहरा चार जाहिरातींत दिसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. यशस्वी उमेदवाराचं नाव आणि फोटो वापरायला निकालानंतर त्याची लेखी संमती लागते, आणि त्यानं नेमका कोणता कोर्स केला तेही जाहिरातीत सांगावं लागतं. प्रवेशाच्या वेळी घेतलेली सही त्यासाठी चालत नाही. मी फोनवर एवढंच म्हटलं, फोटो त्याच्याकडूनच लेखी घ्या, माझ्याकडून नको.

त्याच्या घरच्यांना हे सांगून ठेवणं हेही मित्राचंच काम. या दिवसांत घरात इतके लोक येतात की कुणी कसला कागद पुढं केला तरी सही होऊन जाते.

दुपारी ४

फाइल पक्की केली. मराठी अक्षरं कर्व्हमध्ये बदलली. हे विसरलं आणि छपाईवाल्याकडे तो फॉन्ट नसला तर जोडाक्षरं फुटतात आणि 'उपनिरीक्षक'चा काहीतरी तिसराच अर्थ निघतो. मग सगळ्यांना एकदा मोठ्यानं वाचायला लावलं, आधी सरळ आणि मग खालून वर. उलटं वाचलं की डोळा अर्थाच्या नादी लागत नाही आणि चुका सापडतात. एक सापडली, मित्राच्या वडिलांच्या नावात.

आठ फुटी रोलवर दहा फूट लांबी घेतली, म्हणजे मध्ये जोड येत नाही. चारी बाजूंना पट्टी चिकटवायची आणि दर दोन फुटांवर रिंग मारायची, असं लिहून फाइल वाघोलीला पाठवली. एक जण गाडी घेऊन आणायला गेला.

जागेचा वाद आता निघाला. पोरांना नगर रस्त्यावरचा विजेचा खांब हवा होता. मी नाही म्हटलं. सार्वजनिक जागेवर विनापरवाना बोर्ड लावला तर १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा लागतो, आणि बोर्डावर नाव असतं उद्याच्या पोलीस अधिकाऱ्याचं. शिवाय वारा. १७ एप्रिल २०२३ ला किवळ्यात होर्डिंग कोसळून पाच माणसं गेली. आपला बोर्ड त्यापुढं लहान आहे, पण ८० चौरस फूट कापड वाऱ्यात शिडासारखं फुगतं, आणि खाली दुचाकीवाले असतात. शेवटी त्याच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर ठरलं. परवानगी म्हणजे त्याच्या आईची.

संध्याकाळी ५.३०

गुंडाळी आली. अजून शाईचा वास येत होता. उलगडून बघितलं, चेहरा फाटला नव्हता. लोखंडी चौकटीला बाइंडिंग वायरनं बांधला आणि भिंतीला चार ठिकाणी पक्का केला.

त्याचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, मागं हात बांधून उभे होते. मजकूर सगळा वाचला. मग जवळ जाऊन फ्लेक्सचं टोक चिमटीत धरलं आणि जाडी बघितली.

"कापड चांगलं हाये," ते म्हणाले. "उतरला की कांद्याच्या ऐरणीवर टाकता यील."

कौतुक कमी पडलं असं कुणाला वाटेल, पण आमच्याकडे फ्लेक्सचा शेवट असाच होतो. पावसाआधी कडब्यावर, कांद्यावर, गोठ्याच्या पत्र्याखाली छापील बाजू आत वळवून तो दोन-तीन वर्षं टिकतो. आबांनी आयुष्यभर पीक हातात आल्याशिवाय आकडा सांगितलेला नाही. सकाळी कुणीतरी पेढे घेऊन आलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं म्हणे, ऑर्डर आली का? म्हणजे नियुक्तीपत्र. सगळ्या गावात याद्यांमधला फरक न शिकवता कळलेला हा एकच माणूस.

मिरवणुकीची टूम निघाली होती. डीजे, जेसीबीतून फुलं. मित्रानं स्वतः नको म्हणून सांगितलं. शेजारच्याच गल्लीत तो दुसरा मित्र राहतो, त्याच्या दारावरून डीजे नाचवायचा नाही. वर्गणी जमली होती. शाल, श्रीफळ आणि फेटे आज दिवसभरात एवढे झाले होते की आईनं ते पलंगावर रचून ठेवलेत. म्हणून त्या पैशांतून प्रशिक्षणाला लागणारी पत्र्याची पेटी आणि पळायचे बूट घ्यायचे ठरलं. मैदान अजून संपलेलं नाही, उलट आता रोजच आहे.

रात्री ८

दुकान बंद करायच्या वेळेला तो आला, एकटाच. दिवसभर फोनला चिकटून आवाज बसलेला. मी 'अभिनंदन' म्हटलं, त्यानं मान हलवली. एवढ्यानं भागलं. दिवसभर ज्यांनी त्याला मिठ्या मारल्या त्यातल्या निम्म्यांनी पाठोपाठ पगार किती, पोस्टिंग कुठं आणि आता लग्न कधी हे विचारलं होतं. मी विचारलं, "जेवलास का?" नव्हता जेवला. समोरून वडापाव मागवले.

मग त्यानं पिशवीतून फाइल काढली. पुढच्या कामाची तयारी त्याला आजच करून ठेवायची होती. दहावीचं आणि पदवीचं प्रमाणपत्र, अधिवास, जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन. प्रत्येकाचे तीन-तीन संच काढले. शिफारशीनंतर विभाग कागद तपासतो, वैद्यकीय तपासणी होते, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते, आणि मग आबा म्हणतात ती ऑर्डर. नावात एका कागदावर वेगळी वेलांटी असली तरी मध्येच अडतं. प्रत्येक कागदावरचं नाव आम्ही बोट ठेवून जुळवलं. दुपारच्या बोर्डावर जे केलं तेच, फक्त इथं चूक राहिली तर भिंतीवर नाही, नोकरीवर दिसते.

चारित्र्य पडताळणीसाठी साक्षांकन नमुना भरावा लागतो. आधीच्या भरतीतला एक नमुना माझ्याकडे होता, तो समोर ठेवून त्यानं कच्चा मजकूर लिहायला घेतला. अटक झाली होती का, गुन्हा दाखल आहे का, खटला चालू आहे का, असे एकामागून एक प्रश्न. १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर आमच्या भागातल्या पोरांना गुन्हा आणि नोकरी यांचा संबंध समजावून सांगावा लागत नाही. सगळीकडे त्यानं 'नाही' लिहिलं.

मग पत्ते. मागच्या पाच वर्षांत एका वर्षाहून जास्त काळ जिथं राहिलात ती ठिकाणं. तो आठवायला लागला. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्त्यामागची ती पोटमाळ्याची खोली. प्रत्येक ठिकाणी करार अकरा महिन्यांचा, निकाल लागला की खोली बदललेली. एकही पत्ता त्या रकान्यात बसला नाही. त्यानं फक्त एकच लिहिला: मु. पो. कोरेगाव भीमा, ता. शिरूर, जि. पुणे.

शेवटी एक रकाना होता, आपल्याला ओळखणाऱ्या दोन जबाबदार व्यक्तींची नावं आणि पत्ते. एक नाव त्यानं शाळेतल्या मुख्याध्यापकांचं लिहिलं. दुसऱ्यासाठी त्यानं मान वर केली.

"तुझं लिहू का?"

"लिही की. पण व्यवसाय काय लिहिशील?"

त्यानं पाटीकडे बघितलं आणि जागा कमी म्हणून फक्त 'झेरॉक्स' लिहिलं. मी त्याला ते खोडून 'स्वयंरोजगार' करायला लावलं, दोन प्रती जादा काढल्या आणि आजच्या झेरॉक्सचे पैसे घ्यायचं राहू दिलं. तो म्हणाला, उद्या घे. मी म्हटलं, ऑर्डर आल्यावर घेईन, आबांच्या हिशोबानं.